फोटो बाबांचा, खाली 💐🙏 आणि आत्या निघाली एसटीने

ताई, नमस्कार. मी उदगीरला एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय ३६. गेल्या महिन्यात वडिलांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. सकाळी सहालाच त्यांचा शेतातला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून स्टेटसला ठेवला, खाली फक्त 💐🙏. केकचा व्हिडिओ संध्याकाळी टाकला. मधल्या वेळात औशाची आत्या रडत एसटीत बसली, आणि दोघांनी तर 'किती वाजता आहे?' म्हणून फोन केले. घरात सगळे माझ्यावर चिडलेत. ऑफिसात वेगळंच. माझ्या अबाउटला दोन वर्षांपासून '🥀🤐 वेळ आली की बोलू ⏳' असं आहे. बदली झाली तेव्हा टाकलं होतं. आता साहेब म्हणतात, हा टोमणा मलाच आहे. बायको म्हणते सगळे इमोजीच काढून टाका. एवढ्याशा चित्रात लोक एवढं काय वाचतात?
– एक वाचक, उदगीर

भाऊ,

आत्याचं काही चुकलं नाही. तुमच्या स्टेटसवर जे होतं तेच तिनं वाचलं.

माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर कशी येते ते आठवा. एकट्याचा फोटो, बहुतेकदा रंग काढून टाकलेला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्यामागे 💐💐🙏🙏. हा साचा लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत इतका बसलाय की अक्षरं वाचायची गरजच उरलेली नाही. तुम्ही त्या साच्यातले दोन शब्द तेवढे वगळले आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. वर वेळ सकाळी सहाची. पहाटे-सकाळी येणारी बातमी कसली असते, हे साठीच्या पुढच्या माणसाला सांगावं लागत नाही. आत्या 'अगं माय, दादा गेला' म्हणून उठली असेल तर त्यात नवल नाही.

आता एकेक चित्र बघू. 💐 हा गुच्छ. इंग्रजी वळणाच्या वापरात तो बहुतेक अभिनंदनाचा. आपल्याकडे मात्र फुलं सत्काराला लागतात आणि तिरडीलाही. निवड झाली, नोकरी लागली, वाढदिवस आला तरी 💐, आणि दहाव्याच्या मेसेजखाली पण 💐. म्हणजे हे चित्र एकटं काहीच ठरवत नाही, शेजारी जे असेल त्याचा रंग घेतं. 🙏 चं तर विचारूच नका. युनिकोडच्या यादीत याचं नाव साधं, 'जोडलेले हात'. जपानमध्ये ते 'कृपया' आणि 'आभार' यांच्या जवळचं, आणि परदेशात काही जण ते दोन माणसांनी दिलेली टाळी समजतात. आपल्याकडे त्याला पाच कामं: रामराम, आभार, विनंती, माफी आणि श्रद्धांजली. शिवाय ग्रुपवर वाद वाढला की कुणीतरी नुसतं 🙏 टाकतं, तेव्हा त्याचा अर्थ 'बास करा आता' असा होतो. ते सहावं काम.

दोन्ही चित्रं दोन्हीकडे चालणारी असली की निकाल तिसरी गोष्ट देते. तुमच्याकडे ती तिसरी गोष्ट होती काळा-पांढरा फोटो, आणि तिनं निकाल वाईट बाजूला दिला. तुम्हाला तो फोटो जुन्या काळासारखा, भारदस्त वाटला असणार, हे मला कळतं. फोनमध्ये फिल्टर असतोच आणि बोट तिकडं जातंच. पण भिंतीवरचा हार घातलेला फोटो आपण जसा बघतो, तसाच तोही दिसतो. त्याच फोटोखाली '🎂💐 बाबा आज सत्तर वर्षांचे झाले' एवढं असतं, तर रंग नसूनही कुणी एसटीत बसलं नसतं. केक कधी मयतीच्या मेसेजमध्ये येत नाही. 🎂, 🥳, 🎉 ही एका अर्थाची चित्रं आहेत, म्हणून तीच निकाल देणारी. एरवी कुणी केकचं चित्र टाकलं की मला ते जरा पोरकट वाटतं, पण इथं त्यानंच तुम्हाला वाचवलं असतं.

यात वयाचाही भाग आहे. माझ्या सासूबाईंनी एकदा शेजारच्या आजोबांच्या निधनाच्या मेसेजखाली ओळीनं चार 😂 टाकले होते. त्यांना त्या चेहऱ्यावरचे अश्रू दिसले, हसू दिसलं नाही. चार इंची पडदा, नाकावर घसरलेला चष्मा, त्यांचा काय दोष? 😪 तर आपल्याकडे सर्रास रडण्यासाठी वापरतात. खरं तर तो झोपलेला चेहरा आहे आणि तो थेंब अश्रूचा नाही. जपानी चित्रकथांत झोपलेल्या माणसाच्या नाकाशी फुगा काढतात, त्यातला तो. मोठी माणसं चित्राचा एखादा तुकडा बघून अर्थ लावतात, पोरं त्या चित्राची चाल बघून लावतात. स्टेटस एकच असतं आणि ते दोघांनाही दिसतं.

दुसरी चूक चित्रांची नव्हती, वेळेची होती. स्टेटस २४ तास राहतं आणि लावलेल्या क्रमानं दिसतं, आधी टाकलेलं आधी. तुम्ही मनात दोन भागांचा कार्यक्रम आखला होता: सकाळी आदर, संध्याकाळी केक. रात्री बघणाऱ्याला दोन्ही लागोपाठ दिसले आणि तो हसून पुढं गेला. नऊ वाजता बघणाऱ्याला फक्त पहिला भाग दिसला, आणि दुसरा येणार आहे हे त्याला कुठून कळावं? स्टेटसचा प्रत्येक तुकडा एकटा उभा राहायला हवा. जे सांगायचं ते पहिल्याच तुकड्यात, अक्षरात, आणि चित्रं त्यानंतर.

गैरसमज झालाय हे दुपारच्या आतच कळलं असतं, तुम्ही बघितलं असतं तर. स्वतःच्या स्टेटसवर खालच्या डोळ्याच्या खुणेला बोट लावलं की कुणी बघितलं त्यांची यादी येते. स्टेटसवर झटपट द्यायच्या प्रतिक्रियांची आठ चित्रं ठरलेली आहेत: 😍 😂 😮 😢 🙏 👏 🎉 💯. वाढदिवसाला 😍 आणि 🎉 यायला हवेत. सकाळपासून 😢 आणि 🙏 यायला लागले, किंवा शंभर जणांनी बघूनही कुणी एक शब्द लिहिला नाही, तर समजायचं की काहीतरी भलतंच वाचलं जातंय. यादीवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. ज्यांनी निळ्या टिका बंद केल्यात त्यांनी तुमचं स्टेटस बघितलं तरी त्यांचं नाव यादीत येत नाही. तुमचे साहेब यादीत नाहीत म्हणून त्यांनी बघितलंच नाही, असं धरून चालू नका.

आणि कळल्यावर काय करायचं? नुसतं काढून टाकायचं नाही. बातमी लावून तासाभरात काढली की लोकांना वाटतं घरच्यांनी अजून सगळ्यांना कळवलेलं नाही, म्हणून काढली. काढायचं आणि लगेच दुसरं लावायचं: बाबांचा आत्ताचा, रंगीत, चहाचा कप हातात असलेला फोटो आणि 'बाबा ठणठणीत आहेत, आज त्यांचा वाढदिवस आहे 🎂'. मग यादी उघडून पन्नाशीच्या पुढच्या नातेवाइकांना एकेक फोन. तिथं मेसेज चालत नाही. रडणाऱ्या माणसाला 'सॉरी आत्या 🙏' पाठवलं तर तेही श्रद्धांजलीसारखंच दिसतं!

स्टेटसचं एवढं पुरे. तुमची खरी अडचण अबाउटची ओळ आहे, आणि तुम्ही तिला पत्रात दुसरं स्थान दिलंय.

स्टेटस आणि अबाउट वाचणारी माणसं वेगळी. मूळ सेटिंगमध्ये स्टेटस त्यांनाच दिसतं ज्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे आणि तुमचा त्यांच्याकडे. म्हणजे निदान ओळखीची माणसं. अबाउट मात्र, तुम्ही सेटिंगला हात लावला नसेल तर, तुमचा नंबर असलेल्या कुणालाही दिसतं. २०१७ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं २४ तासांचं स्टेटस आणलं, तेव्हा जुनी एका ओळीची मजकुराची जागा 'अबाउट' या नावानं मागं राहिली. तिच्यात १३९ अक्षरं मावतात. नव्या आवृत्तीत ती चॅटच्या वरच दिसते आणि किती वेळ ठेवायची तेही ठरवता येतं, पण आपल्यातले बहुतेक जण एकदा लिहितात आणि विसरतात. माझ्या एका भाच्याच्या अबाउटला चार वर्षं 'बॅटरी संपत आलीय' होतं. ते व्हॉट्सअ‍ॅपनंच दिलेलं तयार वाक्य, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तुमची ओळ तयार नाही, तुम्ही मनातून लिहिलेली आहे, आणि दोन वर्षांपूर्वीचा राग तिच्यात आज टाकल्यासारखा ताजा दिसतो.

साहेबांच्या जागी बसून वाचा. 🤐 म्हणजे तोंडाला चेन. नुसता गप्प माणूस ते चित्र लावत नाही. 'मला बरंच माहीत आहे, पण बोलत नाही' असं म्हणणारा लावतो. ⏳ मध्ये वाळू अजून खाली पडतेय. वाळू संपलेलं घड्याळ वेगळं असतं, ते ⌛. तुम्ही मुद्दाम निवडलं नसेल, पण पडती वाळू आणि 'वेळ आली की बोलू' एकत्र आले की वाक्य पुरं होतं: थांबा, तुमची पाळी येतेय. बदली झालेल्या माणसाच्या नावाखाली हे असेल तर साहेबांनी ते दुसऱ्या कुणाला उद्देशून आहे असं का समजावं? टोमण्यावर नाव लिहिलेलं नसलं की प्रत्येक जण तो अंगावर घेतो, आणि ज्याच्या हातात तुमची बदली असते तो सगळ्यात आधी घेतो. तुम्ही ते त्यांच्यासाठीच लिहिलं होतं का, हे तुम्ही पत्रात टाळलंय. मीही विचारत नाही.

पण साहेबांपेक्षा मला तुमच्या ठेवीदारांची काळजी वाटते. तुम्ही पतसंस्थेत काउंटरवर बसता. तुमचा नंबर पासबुकाच्या मागच्या पानावर पेनानं लिहिलेला असतो, पिग्मीवाल्याकडं असतो, किल्लारीकडच्या एखाद्या शेतकऱ्याकडंही असतो. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेटांमध्ये किती लोकांचे पैसे अडकले हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलंय. शाखेला कुलूप दिसायच्या आधी लोक कशावरून अंदाज बांधत होते? क्लार्क नीट बोलत नाही, साहेब जागेवर नसतात, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. आता अशा काळात एखादा माणूस मुदत ठेवीचं विचारायला तुमचं चॅट उघडतो आणि त्याला दिसतं: कोमेजलेलं फूल, चेन लावलेलं तोंड, 'वेळ आली की बोलू', गळती वाळू. त्याला तुमच्या बदलीची गोष्ट माहीत नाही. त्याला वाटतं, आतल्या माणसाला काहीतरी कळलंय. तो बाहेर टपरीवर एवढंच म्हणेल, 'आतलं लेकरू बी काय बोलंना गेलंय, लई गडबड दिसायली.' पतसंस्थेला असं एक वाक्य पुरतं.

🥀 बद्दल आणखी एक. हे चित्र २०१६ मध्ये यादीत आलं आणि कॉलेजच्या पोरांनी ते तुटलेल्या प्रेमासाठी उचललं. शायरीच्या स्टेटसखाली ते हमखास असतं. तुम्हाला त्यातून 'माझ्यावर अन्याय झाला' म्हणायचं असेल. पण ३६ वर्षांच्या लग्न झालेल्या माणसाच्या नावाखाली दोन वर्षं कोमेजलेला गुलाब असेल, तर सासुरवाडीला काय वाचलं जाईल? वहिनी 'सगळे इमोजीच काढा' म्हणतात, तो माझ्या अंदाजानं आत्याच्या प्रकरणावरचा राग नाही. त्यांना माहेराहून कुणीतरी हळूच विचारलेलं असणार, 'सगळं बरं आहे ना घरी?' एकदा त्यांना हे विचारून बघा. अंदाज चुकला तर मला कळवा.

मग सेटिंग बदलून भागेल का? Settings मध्ये Privacy, तिथं About, आणि तिथं Everyone, My contacts, My contacts except… आणि Nobody असे पर्याय आहेत. My contacts केलंत तर तुम्ही नंबर सेव्ह न केलेल्या ठेवीदारांना ओळ दिसणार नाही, आणि तेवढं कराच. साहेबांना एकट्याला वगळायचा मोह होईल, तो मात्र टाळा. त्यांना तुमची ओळ पाठ झालीय. उद्या ती त्यांना दिसली नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या फोनवर दिसली, तर टोमण्याचा पुरावाच हातात दिल्यासारखं होईल. स्टेटसलाही तसेच वगळायचे पर्याय आहेत, पण तिथं केलेला बदल पुढच्या स्टेटसला लागू होतो. आधीच लावलेलं ज्यांना दिसत होतं त्यांना दिसतच राहतं. टाकून झाल्यावर साहेबांना वगळून उपयोग नाही.

ओळ बदलाच, आणि बदलताना एक सांभाळा. साहेबांनी टोकल्यावर त्याच दिवशी नुसता 🙂 ठेवलात तर तो जुन्या ओळीपेक्षा जास्त झोंबेल. हे बारीक स्मित 😊 सारखं खुलून हसत नाही. ऑफिसात ते 'बरं, तुम्ही म्हणाल तसं' या सुरात वाचलं जातं. नवी ओळ इतकी रुक्ष ठेवा की तिच्यावर कुणाला बोलताच येऊ नये: 'कामासाठी फोन १० ते ५ ☎️'. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन एकदाच सांगा: 'साहेब, ती ओळ बदलीच्या वेळची होती, रागात टाकली आणि राहून गेली. काढलीय.' राग नव्हताच असं सांगू नका. त्यावर ते विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

तुम्ही विचारलं नाही, तरी काउंटरवरचे आहात म्हणून रंगांचंही सांगते. आपल्या भागात हृदयाचा रंग आता नुसता रंग राहिलेला नाही. १४ एप्रिलला किंवा १४ जानेवारीच्या नामविस्तार दिनाला लावलेलं 💙 इथं सगळ्यांना कळतं. 💛 कुणाला खंडोबाच्या भंडाऱ्याचं वाटतं, कुणाला आंदोलनाचं. 🚩 वारीचाही, शिवजयंतीचाही, मोर्चाचाही. मजा म्हणजे युनिकोडच्या यादीत तो नुसता काठीवरचा त्रिकोणी झेंडा आहे, आणि पुण्यात आयटीत काम करणारी तुमची भाची असेल तर ती माणसाच्या नावापुढं 🚩 बघून 'याच्यापासून सावध' असं वाचेल! दिवस असेल तेव्हा स्टेटसला लावा, तो तुमचा प्रश्न आहे आणि दुसऱ्या दिवशी ते जातंही. पण बारा महिने अबाउटला लावलेला रंग ठेवीदार वेगळ्या प्रकारे मोजतो. तुमच्या काउंटरवर सगळ्या रंगांची पासबुकं येतात.

वहिनींचं 'सगळेच काढा' मला पटत नाही. गुच्छ आणि नमस्कार राहू द्या, आधी एक वाक्य असलं की झालं. अबाउटमधली तीन मात्र आजच काढा.

आणि आत्या त्या दिवशी परत गेली की संध्याकाळी केकला थांबली, हे तुम्ही लिहिलं नाहीत. थांबली असेल तर तिचा आणि बाबांचा एकत्र फोटो कुणीतरी काढलेला असणार. तो शोधा, आणि तिला फोन करून विचारा की स्टेटसला लावू का. रंगीतच लावा.